मागणी आकार कमी करण्यासाठी बॅटरी किती क्षमतेची घ्यावी: किनाऱ्यावरील एका हॉटेलचा सविस्तर हिशेब

रत्नागिरी ते गणपतीपुळे या पट्ट्यात उच्चदाब जोडणी असलेली जी मोठी हॉटेले आणि मंगल कार्यालये आहेत, त्यांच्या वीज बिलात युनिटच्या रकमेखालोखाल डोळ्यांत भरते ती ओळ मागणी आकाराची असते. महिन्यातल्या एखाद्याच संध्याकाळी सगळे वातानुकूलन, स्वयंपाकघर आणि लॉनवरचे दिवे एकत्र चालले, तर त्या अर्ध्या तासाची किंमत पुढे अनेक महिने मोजावी लागते. हे शिखर छाटण्यासाठी बॅटरी बसवण्याचे प्रस्ताव आता सर्रास येतात. मात्र बहुतेक प्रस्तावांत बॅटरीची क्षमता शिखराच्या उंचीवरून ठरवलेली असते, आणि मूळ चूक तिथेच होते. इन्व्हर्टर किती केव्हीएचा हवा हे शिखराची उंची सांगते. बॅटरी किती युनिटची हवी हे सांगते ती शिखराची रुंदी, म्हणजे ग्रिडकडून ज्यापुढे वीज घ्यायची नाही असे ठरवले त्या मर्यादेच्या, म्हणजे छाटरेषेच्या, वर भार किती वेळ राहतो ते.

पुढील उदाहरणातले हॉटेल साठ खोल्यांचे आहे, त्याला एक सभागृह आणि एक लॉन आहे, आणि करार मागणी 300 केव्हीए आहे. भाराचे आकडे हिशेब स्पष्ट व्हावा म्हणून बेतलेले आहेत. मागणी आकार दरमहा प्रति केव्हीए 600 रुपये आणि बॅटरी, इन्व्हर्टर व उभारणी मिळून खर्च प्रति युनिट क्षमता 18,000 रुपये धरला आहे. वाचकांनी दोन्ही ठिकाणी आपल्या बिलातला आणि आपल्याला मिळालेल्या कोटेशनमधला आकडा घालावा.

बिलातली मागणी कशी ठरते

महावितरणच्या दर आदेशांतील व्याख्येनुसार कमाल मागणी म्हणजे सलग तीस मिनिटांच्या एका खंडात घेतलेल्या केव्हीएएचची, म्हणजे केव्हीए गुणिले तासांची, दुप्पट. काही नव्या मीटरांत नोंद पंधरा मिनिटांच्या खंडांत होते, म्हणून आपल्या मीटरचा खंड कोणता, हा पहिला प्रश्न उपविभागाच्या कार्यालयात विचारून घ्यावा. लिफ्ट किंवा पंप सुरू होताना काही सेकंद जो झटका बसतो, तो या सरासरीत विरून जातो. त्यासाठी बॅटरीची गरज नसते.

बिलासाठी मात्र केवळ नोंदलेली मागणी धरत नाहीत. त्या महिन्याची नोंदलेली मागणी, मागील अकरा महिन्यांतील सर्वोच्च बिलिंग मागणीचे 75 टक्के, आणि करार मागणीचा ठरावीक हिस्सा, या तिन्हींपैकी जो आकडा मोठा असेल तो लागू होतो. हा ठरावीक हिस्सा गेल्या काही वर्षांत टप्प्याटप्प्याने वाढत गेला आहे. येथे तो 75 टक्के धरला आहे आणि तो चालू दर आदेशात तपासून घ्यावा. करार मागणीपेक्षा जास्त नोंद झाली, तर नोंदलेल्या पूर्ण मागणीच्या आकाराशिवाय जादा केव्हीएवर दीडपट दराने अधिक रक्कम लागते.

आपल्या हॉटेलची करार मागणी 300 असल्यामुळे तळरेषा 225 वर बसते. पावसाळ्यात खोल्या रिकाम्या असताना मीटरवर 190 नोंदले गेले तरी बिल 225 चेच येते, आणि कितीही मोठी बॅटरी आणली तरी बिल त्या रेषेखाली उतरत नाही. या हॉटेलची वर्षातली सर्वोच्च नोंद 252 आहे. तेव्हा बॅटरीचा विचार करण्यापूर्वीच करार मागणी 260 वर आणता येते, ज्यामुळे तळरेषा 195 होते. कमी गर्दीच्या सात महिन्यांत नोंद सरासरी 203 असते, म्हणजे दरमहा 22 केव्हीए वाचतात आणि वर्षाला सुमारे 92,000 रुपयांची बचत केवळ एका अर्जावर होते. ही बचत बॅटरीच्या खात्यावर दाखवणारे प्रस्ताव मी पाहिले आहेत. प्रस्ताव हाती आला की आधी ही रक्कम त्यातून वजा करावी आणि उरलेल्या बचतीवरच बॅटरीचा निर्णय घ्यावा.

आधी करून घेण्याची आणखी दोन कामे स्वस्त आहेत. पहिले काम पॉवर फॅक्टरचे. 200 किलोवॅट भार 0.92 पॉवर फॅक्टरला 217 केव्हीए नोंदतो, तर 0.99 ला 202. म्हणजे कपॅसिटर पॅनेल नीट चालत असेल, तर बॅटरीशिवायच पंधरा केव्हीए उतरतात. समुद्राकाठी या पॅनेलमधले कॉन्टॅक्टर गंजून एखादा टप्पा कायमचा बंद पडलेला असतो आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. दुसरे काम वेळ बदलण्याचे. लाँड्रीचे ड्रायर आणि टाक्या भरणारे पंप संध्याकाळी सातनंतर चालणार नाहीत, अशी टायमरने सोय करावी. पुढचे आकडे ही दोन्ही कामे झाल्यानंतरचे समजावेत.

भाराची नोंद मिळवणे

उच्चदाब मीटरमध्ये प्रत्येक खंडाची नोंद साठवलेली असते. ती लेखी अर्ज करून मिळवावी आणि किमान पूर्ण एक वर्षाची मागावी, कारण मे महिन्याची लग्नसराई, दिवाळीची सुट्टी आणि वर्षअखेर या तिन्हींचे आकार वेगळे असतात. तीन महिन्यांच्या नोंदीवरून बॅटरी ठरवू नये.

कोकणातील नोंदींत एक खास अडचण येते. फीडर बंद असताना मीटर शून्य दाखवतो, किंवा तेवढ्या रांगाच गायब असतात. जून 2020 मधील निसर्ग चक्रीवादळानंतर अनेक गावांत वीज कित्येक दिवस नव्हती. अशा काळाची नोंद सरासरीत मिसळली तर चित्र बिघडते. शिवाय वीज परत आल्यानंतरचे पहिले दोन खंड वेगळ्या रंगाने दाखवून ठेवावेत. उकाड्याच्या संध्याकाळी तासभर वीज गेली की खोल्या तापतात, आणि वीज येताच सगळे कॉम्प्रेसर एकाच वेळी पूर्ण भाराने चालू लागतात. एका पॅनेल रूममध्ये मी मे महिन्यात उभा होतो तेव्हा मीटरच्या पडद्यावर नेहमीचा 230 च्या आसपासचा आकडा वीज परतल्यानंतरच्या खंडात 281 वर गेलेला दिसला. त्या महिन्याचे बिल त्या एका खंडाने ठरवले. असे शिखर बॅटरीने छाटायचे नसते. मजल्यांचे कॉन्टॅक्टर पाच-पाच मिनिटांच्या अंतराने जोडणारे टायमर बसवले की ते मुळातच उभे राहत नाही.

छाटरेषा निवडणे

स्वच्छ केलेली नोंद स्प्रेडशीटमध्ये घ्यावी. B स्तंभात प्रत्येक खंडाचे केव्हीए आणि F1 मध्ये प्रस्तावित छाटरेषा ठेवून C स्तंभात पुढील सूत्र द्यावे आणि दिवसागणिक बेरीज करावी. मीटरचा खंड पंधरा मिनिटांचा असेल, तर 0.5 ऐवजी 0.25 घ्यावे.

```
=MAX(0,B2-$F$1)*0.5
```

आपल्या हॉटेलचा मे महिन्यातील सर्वांत जड शनिवार असा होता: सात ते साडेसात 221, मग 244, 252, 247, 228, आणि साडेनऊ ते दहा 206. साडेसहा ते सात या खंडात 194 होते आणि दहानंतर भार 183 वर आला. छाटरेषा 220 ठेवली तर वरचे आकडे 1, 24, 32, 27 आणि 8 असे येतात. त्यांची बेरीज 92, म्हणजे 46 केव्हीएएच, आणि त्यासाठी लागणारी शक्ती 32 केव्हीए.

आता 31 डिसेंबरची रात्र पाहू. त्या रात्रीचे शिखर 246 आहे, म्हणजे मे महिन्यापेक्षा बुटके. पण भार रात्री आठपासून साडेबारापर्यंत 220 च्या वर राहतो: 226, 234, 242, 246, 245, 240, 235, 229 आणि 224. वरची बेरीज 141, म्हणजे सुमारे 71 केव्हीएएच. सर्वांत उंच दिवस पाहून बॅटरी घेतली असती, तर ती या रात्री साडेदहाच्या सुमारास रिकामी झाली असती आणि पुढच्याच खंडाने महिन्याची मागणी 240 वर नेऊन ठेवली असती. मीटरचे वाचन महिन्याच्या सीमेवर होत असेल, तर बारानंतरचा 224 चा खंड जानेवारीच्या बिलात जातो, हेही ध्यानात ठेवावे.

वेगवेगळ्या छाटरेषांना किती ऊर्जा लागते ते असे:

| छाटरेषा (केव्हीए) | लागणारी शक्ती (केव्हीए) | मे शनिवार (केव्हीएएच) | 31 डिसेंबर (केव्हीएएच) |
|---|---|---|---|
| 230 | 22 | 26 | 31 |
| 220 | 32 | 46 | 71 |
| 210 | 42 | 71 | 118 |
| 200 | 52 | 99 | सुमारे 180 |

डोंगराचा माथा कापायला थोडे कष्ट पडतात आणि खाली यावे तसा घेर वाढत जातो, तसेच हे आहे. मे महिन्याच्या दिवशी पहिले 22 केव्हीए उतरवायला 26 केव्हीएएच पुरतात, पुढच्या दहांना 20 लागतात, त्यापुढच्या दहांना 25 आणि नंतरच्या दहांना 28. बचत मात्र प्रत्येक दहा केव्हीएला तेवढीच राहते. म्हणून छाटरेषा दहा-दहाने खाली आणत प्रत्येक पायरीचा वाढीव खर्च आणि वाढीव बचत वेगळी लिहावी, आणि पायरीची परतफेड बॅटरीच्या हमीच्या मुदतीजवळ जाऊ लागली की तिथे थांबावे. एकूण प्रकल्पाची सरासरी परतफेड पाहिल्यास सुरुवातीच्या स्वस्त पायऱ्या शेवटच्या महाग पायऱ्यांना झाकून टाकतात.

या हॉटेलसाठी मी 220 वर थांबेन आणि बॅटरी मे महिन्याच्या 46 केव्हीएएचसाठी घेईन. 31 डिसेंबरची तारीख आधीच ठाऊक असते. त्या रात्री लॉनवरचे दिवे आणि ध्वनी यंत्रणेचा 25 ते 30 किलोवॅट भार चेंजओव्हरने जनरेटरवर घेतला की शिखर आपोआप 220 च्या आसपास येते आणि उरलेले बॅटरी सांभाळते. वर्षातून एका रात्रीसाठी आणखी 25 केव्हीएएच मिळवायचे, तर नुकसान धरून 36 युनिट क्षमता, म्हणजे साडेसहा लाख रुपये घालावे लागतील. त्यापेक्षा साडेचार तासांचे डिझेल पुष्कळ स्वस्त पडते. असे रुंद दिवस वर्षात दहा-बारा असते आणि अगोदर कळत नसते, तर मात्र छाटरेषा 230 वर ठेवणे शहाणपणाचे ठरले असते.

कागदावरची क्षमता आणि हाती येणारी क्षमता

पॉवर फॅक्टर 0.98 धरला तर 46 केव्हीएएच म्हणजे 45 युनिट. हे पॅनेलवर मिळायला हवेत. इन्व्हर्टरमध्ये सुमारे 5 टक्के जातात. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचा 90 टक्केच भाग वापरायचा ठरवू. आणि हमीच्या मुदतीअखेर क्षमता मूळच्या 80 टक्के उरेल असे धरू, कारण आठव्या वर्षीच्या मे महिन्यातही शिखर तेवढेच असणार आहे.

```
45 / (0.95 * 0.90 * 0.80) = 66 kWh
```

यावर अंदाजाच्या चुकीसाठी सुमारे 14 टक्के ठेवले की 75 युनिट होतात. खर्च साडेतेरा लाख रुपये.

इन्व्हर्टर 32 केव्हीएचा घेऊन भागत नाही, आणि त्याचे कारण तीस मिनिटांच्या खंडातच आहे. समजा खंड सुरू होऊन दहा मिनिटे भार 250 वर राहिला आणि नियंत्रकाने तेवढा वेळ काहीच केले नाही. आता 220 ची सरासरी राखायची तर उरलेली वीस मिनिटे ग्रिडकडून किती घेता येईल?

```
(220*30 - 250*10) / 20 = 205 kVA
```

भार 250 वरच राहिला तर बॅटरीला 45 केव्हीए द्यावे लागतील. म्हणून इन्व्हर्टर 50 केव्हीएचा घ्यावा. इथे बॅटरीचा डिस्चार्ज दर तपासणे फार महत्त्वाचे आहे. पुष्कळ स्वस्त पॅक सलग 0.5C लाच, म्हणजे युनिट क्षमतेच्या निम्म्या किलोवॅटलाच चालतात, आणि 75 युनिटचा असा पॅक 37 किलोवॅटच्या वर जाणार नाही. 50 चा इन्व्हर्टर त्याच्यापुढे असूनही ऐन वेळी 45 मिळणार नाहीत. निदान 0.7C सलग देण्याची लेखी खात्री घ्यावी.

नियंत्रकाचे घड्याळ आणि महावितरणच्या मीटरचे घड्याळ जुळलेले असले पाहिजे. दोन्हींत सात मिनिटांचा फरक असेल, तर नियंत्रक आपला खंड 220 वर राखतो आणि मीटरचा खंड 228 दाखवतो. नियंत्रकाच्या नोंदीत सर्व काही ठीक असताना बिल जास्त आले, तर पहिला संशय या फरकावर घ्यावा.

परतफेडीचा हिशेब

गर्दीच्या पाच महिन्यांत नोंद सरासरी 246 होती. ती 220 वर येते, म्हणजे दरमहा 26 केव्हीए. उरलेल्या सात महिन्यांत करार मागणी 260 असेल तर तळरेषा 195 आडवी येते आणि 203 वरून 195 एवढेच वाचतात. एकूण 186 केव्हीए-महिने, म्हणजे 1 लाख 12 हजार रुपये. करार मागणी 235 पर्यंत उतरवली तर तळरेषा 176 होते. मग त्या सात महिन्यांत छाटरेषा 183 ठेवून दरमहा 20 वाचवता येतात आणि वार्षिक बचत 1 लाख 62 हजारांवर जाते.

याशिवाय दिवसा सौर तासांतील सवलतीच्या दराने बॅटरी भरून संध्याकाळच्या अधिभाराच्या वेळी वापरल्यास, नुकसान वजा जाता युनिटमागे अडीच रुपये आणि वर्षात 250 दिवस धरून सुमारे 28,000 रुपये मिळतात. दोन्ही मिळून 1 लाख 90 हजार, म्हणजे परतफेड सात वर्षांच्या थोडी पुढे. करार मागणी 260 वरच ठेवली तर हीच परतफेड साडेनऊ वर्षांवर जाते.

तरीही पहिल्या वर्षी करार मागणी 235 करू नये, असे माझे ठाम मत आहे. बॅटरी एकाच संध्याकाळी बंद राहून 252 ची नोंद झाली, तर 17 जादा केव्हीएवर दीडपट दराने 15,300 आणि 220 ऐवजी 252 ची बिलिंग मागणी म्हणून 19,200, असे एका खंडाचे त्या महिन्यातच 34,500 रुपये जातात. मे महिना आणि वर्षअखेर दोन्ही बिनचूक पार पडल्यावरच दुसरा अर्ज करावा. मागणी पुन्हा वाढवून घेणे कमी करण्याइतके सोपे नसते.

बॅटरी ऐन वेळी का हजर नसते

सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे तिला दोन कामे सांगितलेली असतात. दुपारी वीज गेली, बॅटरीने स्वागतकक्ष आणि लिफ्ट चालवली, आणि संध्याकाळी सात वाजता तिच्यात 20 टक्के उरले. वीज आल्यावर नियंत्रकाने तिला पूर्ण वेगाने भरायला घेतले, तर भरण्याचा भारच नवे शिखर उभे करतो. म्हणून खंडित पुरवठ्याचे काम जनरेटरकडे ठेवावे. आणि भरण्याची शक्ती नेहमी छाटरेषा वजा चालू भार यापेक्षा कमी राहील, अशी मर्यादा नियंत्रकात घालावी. स्वस्त दराचा फायदा घेण्यासाठी रोज साडेपाचलाच बॅटरी रिकामी करण्याचा मोहही टाळावा. सभागृहाच्या नोंदवहीत त्या दिवशी कार्यक्रम असेल, तर व्यवस्थापकाने सकाळीच नियंत्रकाला ‘शिखर दिवस’ अशी सूचना द्यावी, म्हणजे बॅटरी सातपर्यंत भरलेली राहते.

दुसरे कारण आपल्या हवेचे. खारे, दमट वारे पहिल्यांदा बॅटरी खोलीच्या वातानुकूलन यंत्राची बाहेरची जाळी खातात. दोन पावसाळ्यांत तिच्या पातळ पट्ट्या हाताने चुरगळतील अशा होतात. खोली तापली की बॅटरीची व्यवस्थापन प्रणाली स्वतःच शक्ती कमी करते. ते ओळखायचे असेल तर नोंदीत सेलचे तापमान आणि दिलेली शक्ती शेजारी मांडून पाहावी. मागितलेले 40 आणि मिळालेले 25 असे दिसले आणि त्याच वेळी तापमान चढलेले असले, तर दोष बॅटरीचा नसून खोलीचा आहे. बाहेरच्या यंत्राला गंजरोधक लेप असलेली जाळी घ्यावी आणि ते समुद्राकडच्या भिंतीवर लावू नये. पावसाळ्यात दार उघडे राहून दमट हवा थंड कॅबिनेटवर बसली की पहाटे इन्सुलेशन कमी झाल्याचा अलार्म येऊन यंत्रणा बंद पडते. असे अलार्म ठरावीक वेळीच येत असतील, तर आधी दाराचे रबर आणि केबल आत येण्याच्या जागा तपासाव्यात.

जागेबद्दल एकच सांगतो: तळघर नको. जुलै 2021 मध्ये चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी कुठवर चढले होते ते सर्वांनी पाहिले आहे. खोली जमिनीच्या वर, जोत्यावर, पाहुण्यांच्या वावरापासून वेगळी आणि अग्निरोधक भिंतींची असावी. उभारणीची कागदपत्रे विद्युत निरीक्षकांच्या तपासणीसाठी आधीच तयार ठेवावीत. बॅटरीची वीज उलटी ग्रिडमध्ये जाणार नाही यासाठी रिव्हर्स पॉवर रिले हवा.

ताब्यात घेण्यापूर्वी पुरवठादारासमोर एक चाचणी करावी. बॅटरी पूर्ण भरून छाटरेषा मुद्दाम इतकी खाली आणावी की नियंत्रकाला पाच खंड सलग सरासरी 18 केव्हीएच्या वर द्यावे लागतील. पॅनेलवरच्या स्वतंत्र मीटरने मिळालेली युनिटे मोजावीत आणि प्रत्येक खंडाची सरासरी महावितरणच्या मीटरच्या नोंदीशी ताडून पाहावी. नवी असताना हीच बॅटरी 75 × 0.95 × 0.90, म्हणजे 64 युनिट देऊ शकली पाहिजे. हाच आकडा दर ऑक्टोबरमध्ये, वर्षअखेरच्या गर्दीपूर्वी, पुन्हा मोजून वहीत लिहावा. तो 51 च्या जवळ आला की क्षमता 80 टक्क्यांवर आली असे समजून हमीचा दावा करावा, आणि तो निकाली निघेपर्यंत छाटरेषा दहाने वर घ्यावी.